रेकीला फोनवर कॅमेऱ्याच्या जागा आणि मूव्हमेंट कशा ठरवाव्यात?

प्रश्न: वाशीतल्या एका जुन्या सिडको इमारतीत आमच्या शॉर्टफिल्मचा मुख्य सीन आहे. मुलगी जिना चढून येते, दार उघडते, बोलत बोलत हॉलमधून स्वयंपाकघराच्या दाराशी जाते आणि आईसमोर थांबते. शक्यतो कट न करता गिंबलवर घ्यायचा विचार आहे. घर शूटिंगला एकच दिवस मिळणार, पण रेकीला मालक दोनदा येऊ देतील. कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस आहे, लेन्स २४ मिमी. मागच्या फिल्मच्या वेळी फोनवर सगळे शॉट आधी घेऊन ठेवले होते, पण सेटवर एकही जुळला नाही आणि अर्धा दिवस नव्याने जागा शोधण्यात गेला. फोनवर हे नीट ठरवता येतं का? आणि रेकी कधी करावी?

उत्तर:

ठरवता येतं. एका दिवसात घर परत करायचं असेल तर ठरवावंच लागतं. मागच्या वेळी शॉट जुळले नाहीत त्याची कारणं बहुतेक दोन असणार. फोनची फ्रेम तुमच्या लेन्सच्या फ्रेमइतकी नव्हती आणि फोन जसा फिरवला तसा कॅमेरा फिरू शकत नव्हता. पहिली अडचण मोजपट्टीने सुटते आणि तिला पंधरा मिनिटं पुरतात. दुसरीकडे बहुतेक जण लक्षच देत नाहीत, म्हणून तिच्यावर मी जास्त लिहिणार आहे.

आधी फ्रेम जुळवून घ्या. कुठल्याही लेन्सला किती रुंद दिसतं याचं गणित सोपं आहे: सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले फोकल लेंथ. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद असतो आणि तुमची लेन्स २४ मिमीची आहे. म्हणजे तुमचं गणित जवळजवळ एकास एक येतं. दहा फुटांवर जेमतेम दहा फूट दिसणार, पाच फुटांवर पाच फूट. काटेकोर सांगायचं तर दहा फुटांवर ९.८ फूट. हा आकडा पाठ करून ठेवा, घरात उभं राहिल्या राहिल्या उपयोगी पडतो.

आता एका मोकळ्या भिंतीवर चिकटपट्टीच्या दोन उभ्या खुणा करा, ९ फूट १० इंच अंतराने. दोन्हींच्या बरोबर मध्यासमोर, भिंतीपासून दहा फुटांवर, भिंतीला समांतर फोन धरा. फोन व्हिडिओ मोडमध्येच हवा आणि ज्या रिझोल्यूशनला व फ्रेमरेटला रेकॉर्ड करणार त्याच सेटिंगला. फोटो मोडची फ्रेम वेगळ्या आकाराची असते, ती इथे चालत नाही. मग दोन्ही खुणा फ्रेमच्या अगदी कडांना येईपर्यंत झूम करा आणि तो आकडा लिहून ठेवा. माझ्या फोनच्या मुख्य लेन्सला व्हिडिओत या अंतरावरून पावणेतेरा फूट दिसतं, म्हणून मला १.३ झूम लागतो. तुमचा आकडा वेगळा येईल. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही तो सारखा नसतो.

झूम केल्याने पर्स्पेक्टिव्ह बिघडेल अशी शंका काहींना येते. तसं होत नाही. कुठली वस्तू कशाच्या मागे लपते, जवळची लांबच्यापेक्षा किती मोठी दिसते, हे सगळं फक्त तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं. फोकल लेंथ त्यातला किती भाग कापून दाखवायचा एवढंच ठरवते. म्हणून फोनची लेन्स कॅमेऱ्याच्या लेन्सच्या जागी असेल आणि फ्रेम भिंतीवर जुळवलेली असेल, तर फोन पर्स्पेक्टिव्हच्या बाबतीत खरंच दाखवतो.

भिंतीची चाचणी करण्याआधी फोनचे तीन आपोआप चालणारे प्रकार बंद करा. पहिला स्टॅबिलायझेशनचा. ते फ्रेम कापतं, आणि फोन हलेल तशी फ्रेम आतल्या आत सरकवतं, त्यामुळे चाल खरी आहे त्यापेक्षा गुळगुळीत दिसते. आयफोनमध्ये `Enhanced Stabilization` बंद करा. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप वापरलंत तर स्टॅबिलायझेशन तिथूनच बंद करता येतं. दुसरा प्रकार म्हणजे लेन्स आपोआप बदलणं. मुलगी जवळून गेली किंवा प्रकाश कमी झाला की फोन गुपचूप दुसऱ्या लेन्सवर जातो आणि शॉटच्या मध्येच पर्स्पेक्टिव्ह उडी मारतो. त्यासाठी `Lock Camera` चालू ठेवा. तिसरा एचडीआर. तो का नको ते पुढे येईलच.

रेकीसाठी खास व्ह्यूफाइंडर ॲप मिळतात. आर्टेमिस आणि कॅड्राज त्यांतली नावाजलेली. कॅमेरा आणि लेन्स निवडली की ती चौकट आखून देतात. जरूर वापरा, पण भिंतीवर एकदा पडताळून घ्या. तुमचा कॅमेरा जास्त फ्रेमरेटला किंवा स्वतःचं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन लावल्यावर सेन्सरचा थोडा भाग कापत असेल, तर ॲपला ते सांगावं लागतं. भाड्याचा कॅमेरा अंधेरीहून आदल्या संध्याकाळी यायचा असेल तर मॅन्युअलमध्ये हे क्रॉपचं कोष्टक आधीच बघून ठेवा.

आता दुसरी अडचण.

फोन दीडदोनशे ग्रॅमचा असतो आणि एका हातात मावतो. हात वर करून, भिंतीला चिकटवून, दाराच्या फटीतून, कुठूनही तो नेता येतो. कॅमेरा, लेन्स आणि गिंबल मिळून अडीच-तीन किलो होतात, शिवाय तो दोन्ही हातांत धरून चालणारा माणूस कोपरापासून कोपरापर्यंत दोन फुटांहून रुंद असतो. रेकीतला सुंदर शॉट सेटवर मिळत नाही तो यामुळे.

म्हणून फोन हातात धरून रेकी करू नका. एक पुठ्ठ्याचं खोकं घ्या, तुमच्या गिंबलवरच्या कॅमेऱ्याएवढं, फूटभर रुंद. त्यात अडीच-तीन किलो होतील एवढ्या पाण्याच्या भरलेल्या बाटल्या टाका. पुढच्या बाजूला, जिथे लेन्सचं तोंड येणार तिथे, फोन रबरबँडने किंवा चिकटपट्टीने बसवा. हे खोकं गिंबल ज्या उंचीला धरतात तिथे, म्हणजे छातीसमोर, दोन्ही हातांनी धरा. त्या उंचीवर लेन्स जमिनीपासून सव्वाचार फुटांच्या आसपास येते. आणि जो मुलगा शूटला गिंबल चालवणार आहे त्यालाच हे खोकं द्या. दिग्दर्शकाने स्वतः फिरवलं तर दिग्दर्शकाची चाल कळते, ऑपरेटरची कळत नाही. दुसरं म्हणजे, लेन्सच्या तोंडापासून मागे अडीच फूट जागा कायम लागते: कॅमेऱ्याची लांबी, हात आणि माणूस. भिंतीपासून त्याहून जवळची कुठलीही जागा फोनवर कितीही छान दिसली तरी सोडून द्या.

तुमच्यासारखाच एक सीन आम्ही नेरूळच्या सिडको इमारतीत घेतला होता. अर्धा जिना, लँडिंग, तीन फुटांचं मुख्य दार, दहा बाय चौदाचा हॉल आणि टोकाला अडीच फुटी दाराचं स्वयंपाकघर. तुमच्या घराची मापं थोडीफार अशीच असतील, म्हणून तोच सीन पायरीपायरीने सांगते.

दिग्दर्शकाला जिन्यात मुलीच्या मागून चढायचं होतं. फोन हातात धरून केलं तेव्हा शॉट उत्तम दिसला, कारण फोन धरणाऱ्याने हात डोक्यावर नेला होता. खोकं छातीशी धरून तेच केलं आणि फ्रेममध्ये वरच्या जिन्याच्या स्लॅबचा खालचा भाग आणि मुलीची पाठ एवढंच उरलं. कारण सरळ आहे. पायरी साडेसहा इंच उंच आणि दहा इंच खोल होती. मुलगी चार पायऱ्या पुढे असेल तर ती २६ इंच वर असते आणि आडवं अंतर फक्त ४० इंच. तिचे डोळे स्वतःच्या पायरीपासून ५८ इंचांवर, म्हणजे कॅमेरावाल्याच्या पायरीपासून ८४ इंचांवर. लेन्स ५१ इंचांवर. ४० इंच आडव्या अंतरात ३३ इंच वर बघायचं म्हणजे कॅमेरा जवळजवळ ४० अंशांनी आभाळाकडे. अंतर वाढवलं तरी कोन फारसा उतरत नाही, कारण अंतराबरोबर पायऱ्यांची उंचीही वाढते. आणि तीन किलो वजन डोक्यावर धरून कुणी जिना चढत नाही, निदान मी तरी कुणाला चढू देत नाही. तिच्या पुढे राहून उलटं चढणं हा दुसरा पर्याय होता. तो तर पाठीमागे धरायला माणूस असला तरी घरगुती जिन्यात मला मान्य नाही.

मग कॅमेरा लँडिंगवर थांबवला आणि मुलीला त्याच्याकडे येऊ दिलं. ती खालच्या वळणावर, नऊ पायऱ्या खाली असते तेव्हा तिचे डोळे बरोबर लँडिंगच्या फरशीच्या पातळीवर येतात. कॅमेरा खाली बघतो, ती वर चढते, कॅमेरा हळूहळू सरळ होतो, आणि ती वर पोचते तेव्हा तिचे डोळे लेन्सच्या किंचित वर असतात. एक पाऊलही न चालता चांगली मूव्हमेंट मिळाली. लँडिंग पाच फूट रुंद होतं. लेन्सच्या मागे अडीच फूट ऑपरेटरला, पुढे अडीच फूट मुलीला जायला. त्याहून अरुंद लँडिंग असेल तर तुम्हाला समोरच्या शेजाऱ्यांच्या दाराचा कोनाडा वापरावा लागेल, त्यासाठी त्यांना आधी विचारून ठेवा. मुलगी कॅमेऱ्यासमोरून दाराकडे गेली की कॅमेरा तिच्यासोबत वळतो आणि मागे लागतो.

मुख्य दारात पुढचा घोळ झाला. तीन फुटांचं दार ऐकायला ऐसपैस वाटतं. पण चौकट वजा करा, सेफ्टी डोअर बाहेर उघडतं ते वजा करा, लाकडी दार आत पूर्ण भिंतीला टेकत नाही कारण मागे चपलांचा रॅक आहे, ते वजा करा. मोजलं तर सत्तावीस इंच मोकळे निघाले. गिंबलवाला जातो, पण कोपरं आत ओढून, आणि तेवढ्या क्षणापुरता त्याचा वेग कमी होतो. खोकं हातात होतं म्हणून तो वेग कमी झालेला आम्हाला रेकीतच दिसला. चपलांचा रॅक हलवला आणि दार पूर्ण उघडलं. तुमच्याकडेही दाराची मोकळी जागा दार ज्या स्थितीत राहणार त्या स्थितीत मोजा.

आत गेल्यावर वेळेचा प्रश्न आला. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत चालायचं अंतर वीस फुटांच्या आत. साध्या चालीने पाच सेकंदांत संपतं. मुलीचे संवाद मात्र नटीने मोठ्याने, खऱ्या लयीत म्हटल्यावर सोळा सेकंदांचे भरले. म्हणजे अकरा सेकंद कुठेतरी खर्च करायला हवेत. स्क्रिप्ट वाचताना हे कधीच कळत नाही. आम्ही तिला दारात चपला काढायला लावल्या, चार सेकंद. मग ती बॅग दिवाणावर टाकते, पंखा लावते, ओढणीने मान पुसते, आणखी पाच. उरलेले दोन तिच्या दमलेल्या चालीत आपोआप गेले. ही कामं नंतर सीनचा भाग होऊन बसली. रेकीला नटी येऊ शकत नसेल तर तिच्याकडून संवाद फोनवर रेकॉर्ड करून मागवा आणि तिच्या उंचीच्या कुणाला तरी चालवताना ते स्पीकरवर लावा.

गिंबल धरून, गुडघे थोडे वाकवून चालणारा माणूस सेकंदाला तीन फुटांपर्यंत नीट चालतो. मुलगी चार फुटांनी चालली तर दोघांतलं अंतर वाढत जातं. पाच फुटांवर तुमच्या लेन्सला उंचीत पावणेतीन फूट दिसतात, म्हणजे कमरेपासून वर. अंतर आठ फुटांवर गेलं की साडेचार फूट दिसतात, म्हणजे गुडघ्यांच्या थोडं खालपासून. फ्रेम सैल होते आणि शॉटमधला ताण जातो. खोकं घेऊन केलेल्या तालमीत क्लिप बघताना डोक्यावरची जागा वाढत चालली असं दिसलं तर समजा की हेच होतंय. उपाय ऑपरेटरला पळवणं हा नाही, नटीच्या थांब्यांच्या जागा बदलणं हा आहे. ती थांबली की तो गाठतो.

शेवटची फ्रेम सगळ्यांत महत्त्वाची. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात थांबते, कॅमेरा तिच्या पाच फूट मागे, आई ओट्याशी, कॅमेऱ्यापासून नऊ फुटांवर. दोघी एका रेषेत आल्या की आई दिसतच नाही. फोनची मुख्य कमाई मला इथे वाटते, कारण कोण कुणाच्या मागे लपतं ते कागदावरच्या आराखड्यात नीट कळत नाही. नुसता कॅमेरा बाजूला सरकवून आई मोकळी करायची म्हटलं तर सव्वादोन फूट सरकावं लागत होतं आणि तिथे दिवाण होता. म्हणून मुलीला दाराच्या डाव्या चौकटीला खांदा टेकवून उभं केलं, मध्यापासून नऊ इंच, आणि कॅमेरा फक्त आठ इंच उजवीकडे घेतला. आई मुलगी आणि उजव्या चौकटीमधल्या फटीत पूर्ण दिसली. चौकटीला टेकणं मुलीच्या दमण्याशीही जुळलं. असे इंच दोन इंचांचे निर्णय शूटच्या दिवशी युनिट उभं ठेवून घेण्यात अर्धा तास सहज जातो.

जागा ठरली की नोंद. मी प्रत्येक थांब्यावर जमिनीवर चिकटपट्टी लावते, भिंतीच्या दोन कोपऱ्यांपासून तिचं अंतर मोजते आणि क्लिप चालू असतानाच मोठ्याने बोलते: "मार्क तीन, लेन्स ५१ इंच, दरवाजाच्या चौकटीपासून पाच फूट, मुलगी डाव्या चौकटीला." वेगळी वही हरवते, पण क्लिपमधला आवाज क्लिपबरोबरच राहतो. मग फरशीच्या टाइल मोजून वहीच्या पानावर खोलीचा नकाशा काढा. जुन्या घरांत टाइल बहुतेक एकसारख्या मापाच्या असतात, पण एक मोजून घ्या. त्या पानाचा फोटो आणि क्लिप ऑपरेटर, फोकस पुलर आणि साउंडवाल्याला पाठवा. बूम कुठल्या बाजूने येणार हे साउंडवाला त्यावरूनच ठरवतो.

आता फोन जिथे फसवतो त्या गोष्टी.

फोनचा सेन्सर इवलासा असतो, त्यामुळे दारातली मुलगी आणि ओट्याशी असलेली आई दोघी लख्ख दिसतात. तुमच्या कॅमेऱ्यावर तसं होणार नाही. २४ मिमी, एफ २.८ आणि फोकस पाच फुटांवर असेल तर साधारण सव्वाचार ते पावणेसहा फुटांपर्यंतच सुस्पष्ट राहतं. आई नऊ फुटांवर आहे. एफ ५.६ केलं तरी सात फुटांच्या पुढे मऊच. म्हणजे या फ्रेममध्ये कोण फोकसमध्ये आणि कुठल्या वाक्यावर फोकस आईवर जाणार, हे रेकीतच ठरवून फोकस पुलरला अंतरं द्यावी लागतील. फोनचा पोर्ट्रेट किंवा सिनेमॅटिक ब्लर लावून याचा अंदाज घेऊ नका. तो सॉफ्टवेअरने काढलेला असतो, तुमच्या लेन्सशी त्याचा संबंध नाही.

उजेडाचंही तसंच. एचडीआर चालू असेल तर फोन गॅलरीबाहेरचं आभाळ आणि हॉलचा अंधारा कोपरा दोन्ही सावरून दाखवतो. कॅमेऱ्यावर गॅलरी पांढरी फटक होऊ शकते. एचडीआर बंद करा, एक्स्पोजर मुलीच्या चेहऱ्यावर लॉक करा आणि चालत जा. गॅलरी पूर्ण उडत असेल तर पडदा, जाळी किंवा वेळ, तिन्हींपैकी काहीतरी बदलायला हवं हे कळतं. शटर १/५० वर ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने जिन्यातल्या ट्यूबचा किंवा स्वस्त एलईडीचा फ्लिकर त्यावर सहसा येत नाही, आणि हलताना येणारा धूसरपणाही २४-२५ फ्रेमला साधारण खऱ्यासारखा दिसतो. फोनने स्वतःच ठरवलेल्या वेगवान शटरवर तीच चाल तुटक वाटते आणि तुम्ही विनाकारण मूव्हमेंट बदलता. जिन्याचा दिवा टायमरवर असेल तर तो किती वेळ चालतो तेही बघून घ्या.

तिसरी गोष्ट प्रतिबिंबांची. शोकेसची काच, फ्रिजचं दार, बंद टीव्ही. फोन चिमुकला असल्याने काचेत दिसत नाही, गिंबल घेतलेला माणूस दिसतो. पाठीवर बॅग, हातात खोकं घेतलेल्या ऑपरेटरसह क्लिप घ्या आणि ती मोठ्या पडद्यावर बघा. फोनच्या पडद्यावर हे सुटतं.

तुमच्याकडे लायडार असलेला फोन असेल, म्हणजे २०२० च्या आयफोन १२ प्रो आणि त्यानंतरच्या प्रो मॉडेलांपैकी, तर पॉलिकॅम किंवा स्कॅनिव्हर्सने घर स्कॅन करून ब्लेंडरमध्ये नेता येतं. तिथे सेन्सरची रुंदी २३.५ आणि लेन्स २४ घातली की घरी बसून कॅमेरा फिरवता येतो. घर एकदाच बघायला मिळणार असेल तर हे वरदान आहे. पण आरसे, काचा आणि खिडकीची ग्रिल स्कॅनमध्ये फाटतात, आणि खोलीतून खोलीत जाताना मापं थोडी सरकतात. स्कॅनमधली दाराची रुंदी मोजपट्टीशी ताडून बघा, दोन इंचांचा फरक असेल तर अरुंद जागांचे निर्णय त्यावर घेऊ नका. तुम्हाला दोनदा जायला मिळतंय, मग मी तरी खोक्यावरच भर देईन.

रेकी कधी, याबद्दल. पहिली शूटच्या दोनेक आठवडे आधी करा, म्हणजे गिंबल ठेवायचा की सीन दोन शॉटमध्ये तोडायचा, २४ पुरते की १८ मिमी मागवायची, हे ठरवून भाड्याची यादी बदलता येते. दुसरी शूटच्या दोन-तीन दिवस आधी आणि सीनच्या नेमक्या वेळेला. गॅलरी पश्चिमेची असेल तर चार वाजताचा आणि साडेपाचचा हॉल ही दोन वेगळी घरं असतात. शिवाय वाशीत जुन्या इमारतींचा पुनर्विकास आणि दुरुस्त्या जोरात आहेत. समोरच्या इमारतीला बांबूची परांची आणि हिरवी जाळी लागली तर तुमच्या हॉलमधला उजेड हिरवट होतो, आणि ते पहिल्या रेकीत नसेल तर दुसऱ्या रेकीतच कळेल. दुसऱ्या वेळी फर्निचर शूटला जसं असणार तसं लावून, पहिल्या रेकीच्या चिकटपट्ट्यांवर उभं राहून सगळा शॉट एकदा खोक्यावर सलग घ्या. सोसायटीच्या सेक्रेटरींना त्याच दिवशी भेटा आणि जिना किती वेळ अडवणार ते मिनिटांत सांगा. क्लिप हातात असली की तो आकडा तुम्हाला खरा सांगता येतो.